पेढीवरच्या माणसाच्या तोंडात बसेल असं नाव

प्रश्न: "मी सीए आहे. चार वर्षं एका फर्ममध्ये नोकरी केली, आता कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजूला स्वतःचं ऑफिस काढतेय. माहेरचं आडनाव पाटील, मेंबरशिपवरही तेच आहे. छोटे दुकानदार बिचकू नयेत म्हणून 'व्यापारमित्र' किंवा 'करवीर टॅक्स सोल्युशन्स' असं काही ठेवावं असं वाटतंय. घरचे म्हणतात 'एम. व्ही. पी. अँड असोसिएट्स' ठेव, बँकेत वजन पडतं. नक्की काय करू?"

मी गेली बावीस वर्षं कोल्हापुरात प्रॅक्टिस करतोय. सुरुवातीची सात वर्षं लक्ष्मीपुरीतच एका जिन्यावरच्या खोलीत काढली. तुमची पहिली दोन नावं आधी बाजूला काढू, कारण त्यांच्यावर विचार करण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आपल्या फर्मचं नाव आपण ठेवलं आणि पाटी लावली, असं होत नाही. १९८८ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स रेग्युलेशन्समधल्या १९० क्रमांकाच्या तरतुदीप्रमाणे नावाला इन्स्टिट्यूटची मंजुरी लागते. प्रोप्रायटरी फर्मलाही ती लागते. मंजुरी देताना मुख्यतः दोन गोष्टी बघतात. ते नाव किंवा त्याच्या फार जवळचं नाव देशात आधीच कुणाकडे आहे का, हे एक. आणि नावातच जाहिरात होतेय का, हे दुसरं. 'व्यापारमित्र' हे घडवलेलं नाव आहे आणि ते ग्राहकाला बोलावतं. ते अडकणार. 'टॅक्स सोल्युशन्स'ची अडचण आणखी पुढची आहे. १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या पहिल्या भागाचं सातवं कलम पुन्हा एकदा वाचा. चार्टर्ड अकाउंटंट सोडून दुसरं बिरुद आपण पाटीवर, कार्डावर, लेटरहेडवर लावायचं नाही. बाजारात सगळे आपल्याला 'टॅक्स कन्सल्टंट' म्हणतात, पण आपण स्वतः ते लिहिणं गैरवर्तनात मोडतं. काहीजण यातून पळवाट काढतात. सीए फर्म एका नावाने ठेवायची आणि शेजारी घरच्या कुणाच्या नावावर आकर्षक नावाची 'सर्व्हिसेस' काढून त्या पाटीवर गिऱ्हाईक गोळा करायचं. तुम्हाला कुणी ते सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. तक्रार झाली की उत्तर तुमच्या मेंबरशिप नंबराला द्यावं लागतं, त्या दुसऱ्या पाटीला नाही.

तर उरतं ते तुमच्या स्वतःच्या नावातून घडणारं नाव. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, त्यांची आद्याक्षरं, आणि पुढे 'अँड कंपनी' किंवा 'अँड असोसिएट्स'. प्रोप्रायटरलाही ही शेपटी लावता येते. एवढ्याशा मातीतून काय घडवायचं, हा खरा प्रश्न. आणि त्यातही बरंच करता येतं.

त्याआधी एक समज दुरुस्त करायला हवी, कारण तुमचा सगळा पेच तिच्यावर उभा आहे. तुम्ही धरून चाललाय की व्यापाऱ्याला जवळचं वाटणारं नाव आणि बँकेत वजन पडणारं नाव ही दोन वेगळी नावं आहेत, आणि तुम्हाला मधलं काहीतरी शोधायचंय. छोटा व्यापारी सीएकडे पहिल्यांदा कधी येतो ते आठवून बघा. जीएसटीचं रिटर्न भरायला त्याला सीए लागत नाही. कर सल्लागार भरतो, जीएसटी प्रॅक्टिशनर भरतो, कधी दुकानातलाच शिकलेला मुलगा भरतो. तो आपल्या दारात येतो ते बहुतेक वेळा बँकेने पाठवलं म्हणून. सीसी लिमिट वाढवायचंय, मॅनेजर म्हणाले 'सीएची सही आणा'. टर्नओव्हरचं सर्टिफिकेट हवंय, प्रोजेक्टेड बॅलन्स शीट हवीय. म्हणजे त्याला स्वतःलाच अशी सही हवी असते की जिच्यावर बँकेतला माणूस दुसरा प्रश्न विचारणार नाही. वजन त्यालाच हवंय. तो बिचकतो ते वजनाला नव्हे. त्याला भीती असते ती आपल्याला नीट बोलता येणार नाही याची, फी किती सांगतील याची, आणि आपला हिशेब बघून हसतील याची. यातली शेवटची दोन भीती नावाने जात नाहीत. पहिली मात्र नावापासूनच सुरू होते. जे नाव त्याला उच्चारता येत नाही, ते ऑफिस विचारत तो येत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या फर्मचं नाव तीन इंग्रजी आद्याक्षरांचं होतं, शेवटी 'अँड असोसिएट्स'. मोठ्या शहरांतल्या फर्मांची नावं तशी असतात म्हणून मला ते भारदस्त वाटलं होतं. पहिल्या वर्षी मार्केट यार्डातले एक गुळाचे अडते माझे क्लायंट झाले. माणूस उत्तम, पैशाला चोख. त्यांच्या दिवाणजींनी फीचा चेक लिहिला, त्यात माझ्या तीन अक्षरांतलं मधलं अक्षर चुकलं. माझ्या करंट अकाउंटचं नाव वेगळं, चेकवरचं वेगळं, चेक परत आला. दुसरा चेक त्यांनी माझ्या वैयक्तिक नावाने दिला, तोही फर्मच्या खात्यात जमा होईना. तिसऱ्यांदा दिवाणजी स्वतः जिना चढून आले, माझ्यासमोर बसले, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "सायेब, तुमीच लिवा तुमचं नाव, मी सही घिऊन येतो." त्या माणसाला चाळीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिण्याची सवय. शंभर पेढ्यांची नावं त्यांना पाठ होती. माझं तीन अक्षरांचं नाव मात्र डोक्यात बसेना, कारण त्या अक्षरांना त्यांच्या लेखी काही अर्थच नव्हता. आणि मला जास्त लागलं ते पुढचं. ते मला दुसऱ्या अडत्यांकडे पाठवत होते, पण नाव सांगता येत नसल्यामुळे सांगायचे, "त्या रॉकेलच्या दुकानाच्या वरच्या जिन्यावर एक सीए बसतोय." रॉकेलचं दुकान बंद झालं तेव्हा माझा पत्ताही गेला.

चार वर्षांनी मी नाव बदललं. त्याचा त्रास सांगतो, म्हणजे आत्ता आठवडाभर जास्त विचार करायला तुम्हाला जड वाटणार नाही. नव्या नावाची मंजुरी पुन्हा घ्या, बँक खातं बदला, लेटरहेड, शिक्के, बिलबुकं बदला, ज्या सोसायट्यांनी ऑडिटर म्हणून नेमणुकीचे ठराव केले होते त्यांना पत्रं लिहा. आणि जुन्या नावाने दिलेली सर्टिफिकेटं बँकांच्या फायलीत पडलेली असतात, तिथून 'हे तुम्हीच का' असे फोन दोन वर्षं येत राहतात.

आता तुमच्या नावाकडे येऊ. तुमचं पूर्ण नाव मला माहीत नाही, पण एम. व्ही. पी. वरून बोलायला सोपं जावं म्हणून धरून चालू की मृणाल विश्वास पाटील. कागदावर चार पर्याय पडतात: पाटील अँड कंपनी, एम. व्ही. पाटील अँड कंपनी, एम. व्ही. पी. अँड असोसिएट्स, आणि मृणाल पाटील अँड कंपनी.

पहिला विसरा. नुसत्या 'पाटील'वर इतक्या वर्षांनंतर मोकळं नाव मिळेल अशी आशा ठेवू नका. शिवाय कोल्हापुरात 'पाटील सीए' म्हणून विचारलं तर समोरचा विचारेल, कुठले पाटील? दुसऱ्यात तोच धोका थोडा कमी प्रमाणात आहे. आद्याक्षरं बदलून 'पाटील' असलेल्या फर्मा महाराष्ट्रात भरपूर आहेत, आणि 'एम. व्ही.' ला 'एन. व्ही.' किंवा 'एम. बी.' समजणं फोनवर रोज घडतं. मंजुरी मिळाली तरी पोस्टमनपासून बँकेच्या क्लार्कपर्यंत सगळे गोंधळ घालणार. तिसऱ्याबद्दल माझी कहाणी वर सांगितली, तीच तुमची होईल. शिवाय तीन आद्याक्षरं दुसऱ्या कुणाशी जुळण्याची शक्यता पूर्ण नावापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे मंजुरीतही तेच आधी अडतं.

माझं मत चौथ्याकडे आहे. कारण साधं आहे. गिऱ्हाईक तुम्हाला जे म्हणणार तेच नावात आहे. पहिल्या महिन्यापासून तुम्ही 'पाटील मॅडम' होणार, आणि दोन पाटील मॅडम झाल्या की 'मृणाल मॅडम' होणार. हे बोलणं तुम्हाला थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. तोंडातलं नाव आणि पाटीवरचं नाव एकच असलं की जिना चढणारा माणूस पाटी वाचून थांबतो, त्याला विचारावं लागत नाही. तुम्ही बाई आहात म्हणून आणखी एक गोष्ट. आमच्याकडे बचत गटाच्या, मसाला-पापड करणाऱ्या, चप्पल लाइनमध्ये नवऱ्यामागे दुकान चालवणाऱ्या बायका येतात. नावात बाईचं नाव आहे हे बघून त्या आधी फोन करतात, असं माझ्या ऑफिसातल्या एका महिला सहकाऱ्याच्या बाबतीत मी पाहिलंय. आद्याक्षरांत हे कुणाला कळणार?

दुसरं कारण तुमच्यापुरतं आहे. तुम्ही लिहिलंय की मेंबरशिपवर माहेरचं आडनाव आहे. पुढे कधी बदललंत तर? हे तुमच्या घरचं आहे, मी त्यात सांगणारा कोण. पण नावाचा भार पहिल्या नावावर ठेवला तर आडनाव काहीही झालं तरी बाजारातली ओळख तुटत नाही. आडनाव नक्की बदलायचंय असं आजच ठरलेलं असेल, तर आधी ते इन्स्टिट्यूटच्या रजिस्टरवर बदलून घ्या आणि मगच फर्मच्या नावाचा अर्ज करा. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही कामं दोनदा होतील.

'अँड कंपनी' की 'अँड असोसिएट्स' हा प्रश्न किरकोळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही. शाहूपुरीत, गुजरीत, लक्ष्मीपुरीत जुन्या पेढ्यांच्या पाट्या वाचत चालत जा. 'आणि कंपनी', 'ब्रदर्स', 'आणि सन्स' हीच नावं दिसतील. व्यापाऱ्याच्या कानाला 'अँड कंपनी' म्हणजे आपल्यासारखीच पेढी. 'असोसिएट्स' म्हटलं की त्याला आर्किटेक्ट किंवा वकील आठवतो, आणि फोनवर तो 'असोशिएशन' म्हणतो. बँकेच्या दृष्टीने दोन्हीत काडीचा फरक नाही. मग ज्यात व्यापाऱ्याची सोय ते घ्या. एकट्याच्या फर्मला 'कंपनी' म्हणणं खोटं वाटतं असं काही तरुण सीए म्हणतात. ही आपल्या व्यवसायातली जुनी, मान्य पद्धत आहे. पण मनाला पटत नसेल तर फर्मचं नाव न घेता स्वतःच्या नावानेही प्रॅक्टिस करता येते. त्यात फर्मचा नोंदणी क्रमांक मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा. सहकारी संस्थांचं ऑडिट, बँक ऑडिटच्या यादीत येणं असं पुढे मनात असेल, तर फर्म असलेली बरी. कोल्हापुरात पतसंस्था, दूध संस्था, विकास सेवा सोसायट्या एवढ्या आहेत की हे काम पाच वर्षांत तुमच्याकडे येईलच.

आता नाव दोन ठिकाणी तपासून बघायचं. हे मी माझ्या दुसऱ्या नावाच्या वेळी केलं आणि त्यानंतर आमच्याकडून बाहेर पडलेल्या तिघांना करायला लावलं.

पहिली जागा तोंड. तुम्हाला न ओळखणाऱ्या चार-पाच माणसांना नाव फोनवर एकदाच सांगा. किराणा दुकानदार, पेढीचे दिवाणजी, ट्रान्सपोर्टवाला, इचलकरंजीचा एखादा सूतव्यापारी. इचलकरंजीत हिंदी आणि मारवाडी बोलणारे व्यापारी बरेच आहेत, त्यांच्या तोंडी नाव कसं येतं तेही ऐका. फोनवर त्यांच्याकडून काही वदवून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, काल मी काय नाव सांगितलं होतं? ज्यांना जमलं त्यांचं सोडा. जे चुकले ते कुठे चुकले हे लिहून काढा. 'मृणाल'मध्ये कुणी 'मुणाल' म्हणेल, कुणी 'म्रुनाल'. ती चूक चालते, कारण ऐकणाऱ्याला कळतं. अक्षराची अदलाबदल चालत नाही, कारण ती ऐकून दुसरंच नाव तयार होतं.

यातच इंग्रजी स्पेलिंगचा मुद्दा येतो आणि तो फार लोक विसरतात. रजिस्टरवर तुमचं नाव Mrunal आहे की Mrinal? तेच स्पेलिंग फर्मच्या नावात येईल, तेच ईमेलमध्ये आणि वेबसाइटच्या पत्त्यात. वेबसाइटचा पत्ताही फर्मच्या नावाच्या जवळात जवळ असावा अशी अपेक्षा आहे, तिथे काही आकर्षक शब्द घालायचा मोह नको. व्यापारी ईमेल टाइप करताना मराठी उच्चाराप्रमाणे करणार. दोन स्पेलिंग संभवत असतील तर दोन्हींचे ईमेल आजच घेऊन ठेवा आणि एकावरून दुसऱ्यावर वळवा. माझ्या एका जुन्या आर्टिकलने हे केलं नाही. त्याच्या नावात दोनदा 'ee' होतं. सहा महिने एका फौंड्रीवाल्याची स्टॉक स्टेटमेंट्स भलत्याच माणसाच्या मेलवर जात होती.

दुसरी जागा शिक्का. हो, गोल रबरी शिक्का. नाव ठरायच्या आधी शिक्केवाल्याकडे जाऊन एक नमुना करून घ्या, फार पैसे लागत नाहीत. वर्तुळाच्या वरच्या कडेला फर्मचं नाव, खालच्या कडेला 'चार्टर्ड अकाउंटंट्स', मध्ये नोंदणी क्रमांक आणि कोल्हापूर. नमुन्यात क्रमांकाच्या जागी तात्पुरते आकडे टाका. नाव लांब असेल तर अक्षरं इतकी बारीक होतात की शाई जरा जास्त लागली की नुसता निळा डाग उठतो. तसला शिक्का असलेलं सर्टिफिकेट मी एका बँकेत परत आलेलं पाहिलंय. 'पाटील' आणि 'पतील' यात त्या मॅनेजरला फरक दिसत नव्हता. शिक्का ज्या कागदावर वाचता येत नाही, तो कागद बँकेत संशयाने बघितला जातो, मग नाव कितीही भारदस्त असो.

बँकेतलं वजन नक्की कशाने पडतं, हेही सांगतो, कारण तुमच्या घरच्यांचा आग्रह तिथूनच आलाय. कर्जाची फाइल बघणारा अधिकारी नावाच्या सुरावर भाळत नाही. तो सहीच्या खालचा भाग बघतो. फर्मचं नाव, नोंदणी क्रमांक (आपल्या पश्चिम विभागाचा असल्याने शेवटी W), तुमचं नाव, प्रोप्रायटर, मेंबरशिप नंबर, आणि यूडीआयएन. २०१९ पासून सर्टिफिकेटवर हा १८ आकडी-अक्षरी क्रमांक बंधनकारक आहे. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा तुमच्या मेंबरशिप नंबराचे, बाकीचे दहा त्या कागदाचे. अधिकारी udin.icai.org वर तो टाकतो आणि कागद खरा की खोटा हे तिथेच समजतं. म्हणजे त्याला हवी असते ती जुळणी. कागदावरचं नाव, शिक्क्यावरचं नाव, रजिस्टरवरचं नाव एक असलं की तो पुढचं पान उलटतो. लेटरहेडवर 'मृणाल पाटील अँड असोसिएट्स' आणि शिक्क्यावर 'अँड कं.' असं ज्यांचं असतं, त्यांची फाइल टेबलावर राहते. वीस वर्षांत नाव साधं आहे म्हणून परत आलेला एकही कागद माझ्या पाहण्यात नाही. जुळत नाही म्हणून परत आलेले पुष्कळ आहेत.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमची पहिली वीस गिऱ्हाइकं लक्ष्मीपुरीतली असतील असं धरून मी लिहिलंय. वडिलांची किंवा सासऱ्यांची ओळख उद्यमनगरात, गोकुळ शिरगाव-शिरोलीच्या कारखानदारांत असेल तर हिशेब थोडा बदलतो. फौंड्रीवाला मोठ्या वाहन कंपन्यांना माल पुरवतो, त्याच्या व्हेंडर नोंदणीच्या कागदांत तुमचं नाव पुण्या-मुंबईत वाचलं जातं. तिथे 'एम. व्ही. पाटील अँड कंपनी' खटकत नाही आणि पहिल्या नावाचा फायदाही फारसा नाही. तसंच दोन-तीन वर्षांत कुणी मैत्रीण भागीदार म्हणून येणार हे जवळजवळ ठरलेलं असेल, तर आजच तिच्याशी बोला. पूर्ण नावाच्या फर्ममध्ये आलेल्या भागीदाराला आपण नोकरीला आलोय असं वाटतं, आणि ते वाटणं भांडणापर्यंत जातं. अशा वेळी दोघींची पहिली नावं किंवा दोन आडनावं घेऊन पुढे जाता येतं.

नाव ठरलं की क्रम असा ठेवा. प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट आधी हातात हवं. मग इन्स्टिट्यूटच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर फॉर्म ११७ मध्ये नावाचा अर्ज. पर्याय पसंतीच्या क्रमाने द्यायचे असतात, तिथे घाईने पाच सारखीच नावं भरू नका. प्रत्येक पर्याय असा द्या की तो मंजूर झाला तर तुम्ही तो आनंदाने लावाल. मी दुसऱ्या पसंतीला मन न लावता एक नाव टाकलं होतं आणि मंजूर तेच झालं. पहिलं 'मृणाल पाटील अँड कंपनी', ते आधीच कुणाकडे असेल तर 'मृणाल व्ही. पाटील अँड कंपनी'. मधलं अक्षर कुणी उच्चारणार नाही, बोलण्यात पहिलंच राहील, आणि कागदावर वेगळेपण येईल. मंजुरी आल्यावर फॉर्म १८ भरून फर्मची नोंद होते, तिथे क्रमांक मिळतो. पाटी, कार्ड, बँक खातं त्यानंतर. मंजुरीच्या आधी छापलेल्या हजार व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा एका मुलाच्या कपाटात मी पाहिलाय.

पाटीबद्दल तेवढं लिहितो, कारण मंजूर नावात जे जवळिकीचं काम होत नाही, ते पाटीवर थोडं करता येतं. देवनागरी आधी आणि मोठं. राज्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान आस्थापनांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. लक्ष्मीपुरीतला माणूस 'मृणाल पाटील अँड कंपनी, चार्टर्ड अकाउंटंट्स' हे देवनागरीत एका नजरेत वाचतो. इंग्रजीत तो अक्षर लावत बसत नाही, पुढे जातो. दिव्यांची, झगमगती पाटी नको, दुकानासारखा भला मोठा बोर्ड नको, 'जीएसटी, इन्कम टॅक्स, कर्ज प्रकरणे' अशी यादी नको. जाहिरातीसंबंधीचे नियम मधून मधून बदलतात, म्हणून पाटी रंगवायला टाकण्याआधी आचारसंहितेची त्या वेळची आवृत्ती बघा किंवा आपल्या कोल्हापूर शाखेत जाऊन विचारा. जिन्याच्या तोंडाशी फक्त नाव, मजला आणि बाण असलेली छोटी पाटी मात्र जरूर लावा. माझ्याकडे आलेल्या निम्म्या नव्या माणसांनी खाली उभं राहून वर बघत फोन केलाय.

गुगल मॅपवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हेच नाव, याच स्पेलिंगने, शेजारी देवनागरीत. तिथे 'कोल्हापूरमधील सर्वोत्तम' असं काही कुणी लिहून देत असेल तर नको म्हणा.

आणि फोन उचलताना ऑफिसातल्या मुलीला पूर्ण नाव घ्यायला शिकवा. "मृणाल पाटील अँड कंपनी, बोला काका." त्या अडत्यांचे दिवाणजी आता थकलेत, पण मुलाच्या हिशेबासाठी अजून फोन करतात. माझं दुसरं नाव त्यांना पहिल्याच फोनला पाठ झालं होतं, आणि त्याच महिन्यात यार्डातून तीन नवे जण माझं नाव घेऊन जिना चढले.

तुमची अर्जातली पूर्ण आद्याक्षरं आणि रजिस्टरवरचं स्पेलिंग इथे लिहायची गरज नाही. पण फोनवरच्या त्या परीक्षेचं काय झालं, कोण कुठे चुकलं, तेवढं नक्की कळवा. दुसऱ्या पर्यायावर मग आणखी बोलता येईल.